तिसातले वीस

माझ्याकडे संख्याशास्त्राच्या शिकवणीला येणारी एक मुलगी सध्या एम.एस्सी.चा प्रबंध लिहितेय. विषय अन्नविज्ञान. साखर घातलेली नाचणीची बिस्किटं आणि गूळ घातलेली नाचणीची बिस्किटं, यांतली लोकांना कुठली जास्त आवडतात, असा प्रकार. मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता तिची मेल आली. मेल कसली, रडगाणंच! एकच आकडेवारी, तिच्यातून तीन वेगवेगळी उत्तरं, आणि गाईड म्हणतात त्यातलं सोयीचं घे. आता काय करू, मॅडम?

सकाळी चहा घेताना जाऊबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, बिस्किटांचंच तर आहे. लिहू दे की तिला काय लिहायचं ते." त्या बँकेत होत्या. मी म्हटलं, चेक वटल्यावर त्याच्यावरची रक्कम बदलली तर चालेल का तुमच्याकडे? त्यावर त्या गप्प बसल्या, पण त्यांना पटलेलं नव्हतं. आमच्या घरात न पटलेल्या गोष्टी अशाच गप्प बसून राहतात.

तर त्या मुलीला पाठवलेलं उत्तर तिच्या परवानगीने, नाव काढून, खाली देतेय. जाऊबाईंनीही वाचावं.

*

चि. ...... हिस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. आधी तू काय केलंस ते माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगशील. तू ३० जण घेतलेस. प्रत्येकाला दोन बिस्किटं दिलीस, एक साखरेचं, एक गुळाचं. बशीवर नाव न लिहिता तीन अंकी कोड लिहिलास. निम्म्या लोकांना गुळाचं आधी दिलंस, निम्म्यांना साखरेचं आधी. "दोन्ही सारखीच आवडली" असं म्हणायची मुभा कुणाला नव्हती, एक निवडायचंच. हे सगळं अगदी नीट केलंस. तीसपैकी २० जणांनी गुळाचं निवडलं, १० जणांनी साखरेचं.

मग तू आरमध्ये हे टाईप केलंस:

```
binom.test(20, 30, alternative = "two.sided")
binom.test(20, 30, alternative = "greater")
binom.test(20, 30, alternative = "less")
```

आणि तीन पी-व्हॅल्यू आल्या. दुतर्फी चाचणीची ०.०९८७, "गूळ जास्त" या बाजूची ०.०४९४, आणि "गूळ कमी" या बाजूची ०.९७८६. सिनॉप्सिसमध्ये तू लिहिलं होतंस, "दोन प्रकारांपैकी कोणता अधिक पसंत केला जातो ते पाहणे." म्हणजे दुतर्फी. त्याप्रमाणे ०.०९९ आली, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. गाईड म्हणाले, "निकाल गुळाच्या बाजूने दिसतोय ना? मग एकतर्फी लाव, ०.०४९ येतेय, झालं काम." आणि तुझा प्रश्न असा की आकडे तेच, माणसं तीच, बिस्किटं तीच, मग माझ्या मनात आधी काय होतं त्यावर उत्तर कसं काय बदलू शकतं? हे तर अंधश्रद्धेसारखं वाटतं.

प्रश्न चांगला आहे. कित्येक शिकवणारे हा प्रश्न टाळतात आणि "नियम आहे" म्हणून मोकळे होतात. मी टाळणार नाही, पण त्यासाठी तुला एक खेळ मनातल्या मनात खेळावा लागेल.

समज, तू गुळाची बिस्किटं केलीच नाहीस. दोन्ही बशांत साखरेचीच ठेवलीस, एकाच घाण्यातली, एकाच ट्रेमधली. कोड मात्र वेगळे लिहिलेस. खाणाऱ्याला ठाऊक नाही. त्याला एक निवडायला सांगितलंय, म्हणून तो निवडतो. ही निवड म्हणजे नाणेफेकच. आता असा प्रयोग तुझ्यासारख्या हजार मुलींनी केला. प्रत्येकीकडे ३० माणसं. बहुतेकींना १३-१७, १५-१५, १६-१४ असं काहीतरी मिळेल. पण हजारांत काही जणी अशा निघतीलच की ज्यांच्या पहिल्या बशीला ३० पैकी २० किंवा जास्त मतं पडली. किती? गणित केलं तर ४९. तसंच दुसऱ्या बशीला २० किंवा जास्त मतं पडलेल्याही ४९. बशांत फरक काहीच नाही, हे विसरू नकोस.

आता त्या हजारजणींनी तीन वेगवेगळ्या पद्धतीने काम केलं असं धर.

पहिली पद्धत. सगळ्याजणी प्रयोगाआधी कागदावर लिहून ठेवतात, "मी फक्त पहिली बशी जास्त आवडते का एवढंच बघणार." त्यांच्यातल्या ४९ जणी, ज्यांच्या पहिल्या बशीला २० किंवा जास्त मतं आहेत, "फरक सापडला" म्हणतील. चुकीचंच म्हणतील, पण हजारांत ४९, म्हणजे जेमतेम पाच टक्के. एवढी चूक चालवून घ्यायची असं आपण आधीच कबूल केलेलं आहे. ज्यांच्या दुसऱ्या बशीला २० मतं पडली, त्या गप्प बसतील, कारण त्यांनी तसं लिहून ठेवलंय.

दुसरी पद्धत. सगळ्याजणी आधी लिहून ठेवतात, "कुठल्याही बाजूने फरक असला तरी मला तो हवाय." मग त्यांना पाच टक्के चूक दोन्ही बाजूंत वाटून घ्यावी लागते. २० मतांवर समाधान मानलं तर दोन्ही बाजू मिळून ९९ जणी चुकतील, ते चालणार नाही. म्हणून त्यांची रेषा २१ वर जाते. २१ किंवा जास्त, एका किंवा दुसऱ्या बाजूला, असं धरलं तर हजारांत सुमारे ४३ जणी चुकतात. चालेल.

तिसरी पद्धत तुझ्या गाईडची. आधी काहीच लिहायचं नाही, किंवा लिहिलेलं विसरायचं. मतं मोजायची. ज्या बशीला जास्त पडली त्या बशीच्या बाजूने एकतर्फी चाचणी लावायची. पहिल्या बशीला २० असतील तर `greater`, दुसऱ्या बशीला २० असतील तर आकडे उलटे घालून पुन्हा `greater`. आता कोण कोण "फरक सापडला" म्हणेल? पहिल्या बशीवाल्या ४९ आणि दुसऱ्या बशीवाल्या ४९. हजारांत ९९ (अपूर्णांक धरून). आणि या ९९ जणी प्रबंधात काय लिहितील? "पाच टक्के पातळीवर." पातळी दहा टक्के असताना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघ. पी-व्हॅल्यू ही तुझ्या तिसातल्या विसांची अंगभूत गोष्ट नाही, जसं वजन किंवा उंची असते. तू जी पद्धत वापरतेस ती पद्धत, फरक नसतानाही, किती वेळा तुला असा किंवा याहून टोकाचा निकाल देऊन फसवेल, याचा तो आकडा आहे. आणि पद्धतीत "निकाल उलटा आला असता तर तू काय केलं असतंस" हेही येतं. मनात काय होतं याला किंमत नाही. काय केलं असतंस याला आहे.

म्हणून मी तुला एकच प्रश्न विचारते. तू मला खरं उत्तर देशील याची खात्री आहे. समज २० जणांनी साखरेचं बिस्कीट निवडलं असतं आणि १० जणांनी गुळाचं. तेव्हा तू आणि गाईड काय म्हणाला असता? "गूळ जास्त आवडतो याला पुरावा मिळाला नाही" एवढं लिहून थांबला असता का? की "साखर लक्षणीयरीत्या जास्त आवडते" असं लिहून मोकळे झाला असता? दुसरं उत्तर असेल (आणि मला वाटतं आहे), तर तू तिसरी पद्धत वापरतेयस आणि तुझी खरी पी-व्हॅल्यू ०.०९९ आहे. आरने ०.०४९ छापलं म्हणून ती निम्मी होत नाही. आर बिचारा तुझ्यावर विश्वास ठेवतो. तू `greater` लिहिलंस की तो समजतो, बाईंनी हे आधी ठरवलं असणार.

(जाता जाता: तीन आकड्यांपैकी एकतर्फी दोघांची बेरीज १ येत नाही, म्हणून तू गोंधळली होतीस. नेमकं २० येण्याची शक्यता दोन्हीकडे मोजली जाते, म्हणून ती बेरीज थोडी जास्त येते. चूक नाही ती.)

आता तू लिहिलंयस, "पण मॅडम, मला पहिल्यापासून गुळाचंच आवडेल असं वाटत होतं, देवाशपथ." मला मान्य आहे. मलाही वाटलं असतं. पण "मला वाटत होतं" हे एकतर्फी चाचणीला पुरेसं कारण नाही, आणि इथे बरीच पुस्तकंही गडबड करतात. ती म्हणतात, दिशेचा अंदाज असेल तर एकतर्फी घ्या. अहो, अंदाज कुणाला नसतो? अंदाज नसता तर तू प्रयोग कशाला केला असतास? मी तुला सांगते तो निकष वेगळा आहे: उलट्या बाजूचा निकाल आला तर तो तुझ्यासाठी आणि वाचणाऱ्यासाठी "काही फरक नाही" याच्या बरोबरीचा आहे का? असेल, तर एकतर्फी घे. नसेल, तर दुतर्फी.

तुझ्याच क्षेत्रातली उदाहरणं घेऊ. तुम्ही त्रिकोण चाचणी करता ना? तीन नमुने, त्यातले दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. काहीच कळत नसेल तर तीनात एकदा नशिबाने बरोबर येईल. तीस लोकांत १० बरोबर येणं म्हणजे अंदाजपंचे. पाच टक्के पातळीला १५ लागतात. आणि समज फक्त ४ जणांनीच बरोबर ओळखलं, तर? त्याचा अर्थ "लोकांना उलटा फरक कळतो" असा होत नाही, त्याचा काहीच अर्थ होत नाही. उलटी बाजू रिकामी आहे. म्हणून त्रिकोण चाचणी नेहमी एकतर्फी, आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही. तसंच, एका बिस्किटात तू स्वतःच्या हाताने साखर वाढवलीस आणि लोकांना विचारलंस, "यांतलं जास्त गोड कोणतं?", तर बरोबर उत्तर तुला आधीपासून माहीत आहे. इथेही एकतर्फी. पण "जास्त आवडलं कोणतं?" याला बरोबर उत्तर नसतं. माणसांना काय आवडेल ते माणसं ठरवतात. तुमच्या विषयाच्या पुस्तकांत पसंतीची चाचणी दुतर्फी आणि गोडीच्या दिशेची चाचणी एकतर्फी अशी वेगळी कोष्टकं असतात, ती उगीच नाहीत. बघ, तीस माणसांच्या ओळीत एकाकडे २० आहे, दुसऱ्याकडे २१. तुझा सगळा प्रबंध त्या एका माणसावर अडलाय.

आणि उलटी बाजू खरंच महत्त्वाची नाही का? एखाद्या बेकरीवाल्याने तुझा प्रबंध वाचून साखर बंद करून गूळ आणायला घेतला, आणि लोकांना खरं म्हणजे साखरेचंच आवडत होतं, तर त्याचं दिवाळं निघेल. त्याला ती बाजू हवीच आहे.

बिस्किटांवरून तुला हे किरकोळ वाटेल. म्हणून एक खरी गोष्ट सांगते. मी दरवर्षी शिकवणीत सांगते, तुझ्या वेळी बहुतेक राहून गेली.

१९८०च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. ज्यांच्या हृदयात मधूनमधून जादा, अवेळी ठोके पडतात, त्यांना पुढे अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो. आणि ते जादा ठोके दाबून टाकणारी औषधंही हाताशी होती, एन्केनाईड आणि फ्लेकेनाईड. ठोके धोक्याचे, औषधाने ठोके थांबतात, म्हणजे औषधाने माणसं वाचणार. याहून सरळ काय असेल? अमेरिकेत ही औषधं वापरात होतीच. इतकी खात्री होती की काही डॉक्टरांना अर्ध्या रुग्णांना नुसती साखरेची गोळी देणं हेच अनीतीचं वाटत होतं. तरीही चाचणी घेतली गेली. कार्डिअ‍ॅक अ‍ॅऱ्हिथमिया सप्रेशन ट्रायल हे तिचं नाव. तिच्या मूळ आराखड्यात चाचणी एकतर्फी होती. औषधाने मृत्यू कमी होतात का, एवढाच प्रश्न. औषधाने मृत्यू वाढतील, ही बाजू जवळपास कुणाच्या हिशेबातच नव्हती.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ जण गेले होते. साखरेची गोळी घेणाऱ्या ७२५ जणांपैकी २२. सरासरी दहा महिन्यांत. जादा ठोके थांबले होते, हे खरं. माणसंही थांबली होती.

आता मूळ एकतर्फी चाचणीचा चष्मा लावून या आकड्यांकडे बघ. औषधाने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे का? नाही. संपलं. चाचणीच्या भाषेत ५६ विरुद्ध २२ आणि ३९ विरुद्ध ३९ यांत काही फरक नाही, दोन्हींना एकच शेरा: "फायदा सिद्ध झाला नाही." नशीब की देखरेख करणाऱ्या समितीने अपायाच्या बाजूलाही एक सीमा आखून घेतली होती, आणि तीही आकडे बघण्याआधी. ती नसती तर आकडे बघितल्यावर कुणीतरी म्हटलं असतं, "आता अपायाची चाचणी लावू या." आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी, अगदी कायदेशीर, म्हटलं असतं, "हे तुम्ही आकडे बघून ठरवलंत, योगायोग असेल." लोकांच्या जिवाच्या प्रश्नावर असा वाद घालत बसायची पाळी आली असती.

यातून मला जे दिसतं ते सांगते. एकतर्फी चाचणी ही सवलत नव्हे, सौदा आहे. एका बाजूची रेषा तुला जवळ मिळते, २१ ऐवजी २०. त्याच्या बदल्यात दुसऱ्या बाजूला तू आंधळी व्हायचं कबूल करतेस. ३० पैकी २८ जणांनी साखर निवडली तरी तुला "गुळाचा फायदा दिसला नाही" एवढंच लिहायचा अधिकार उरतो. हा सौदा आधी केलास तर मला काही म्हणायचं नाही. पण तू सौद्यातला फायदा घेतेस आणि किंमत द्यायची वेळ टळून गेल्यावर घेतेस. उलटा निकाल आलाच नाही, हे कळल्यावर त्या बाजूवरचा हक्क सोडण्यात कसला त्याग? शर्यत संपल्यावर घोड्यावर पैसे लावण्यासारखं आहे ते.

औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्यांनी यावर एक साधा तोडगा काढलाय. १९९८ साली औषध चाचण्यांच्या संख्याशास्त्राबद्दल जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन निघालं, त्यात सुचवलंय की एकतर्फी चाचणी घ्यायची तर पातळी निम्मी ठेवा, म्हणजे दुतर्फीला पाच तर एकतर्फीला अडीच टक्के. असं केलं की एकतर्फी घेऊन पदरात काही जादा पडत नाही, आणि मोह आपोआप संपतो. तुझ्या ०.०४९ ला अडीच टक्क्यांची रेषा लाव. पास होतेय का?

आता थोडं माझ्याबद्दल. ही पोच मला पुस्तकातून आलेली नाही. शिकवण्या सुरू करण्याआधी काही वर्षं मी एका खासगी कंपनीत आकडेमोडीच्या खात्यात होते. नाव घेत नाही. एका मालाच्या जुन्या आणि नव्या वेष्टनाची गिऱ्हाइकांकडून तुलना करून घेतली होती. निकाल तुझ्यासारखाच, कुंपणावर बसलेला. साहेब म्हणाले, "बघा, काही जमतंय का." मी एकतर्फी केलं. जमलं. अहवालात "सिग्निफिकंट" असा शब्द टाकला आणि खाली बारीक अक्षरांत "एकतर्फी". कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली. नवं वेष्टन बाजारात गेलं आणि पुढच्या मोसमात पुन्हा मोजलं तेव्हा फरक कुठल्या कुठे गेला होता. बैठकीत सगळे बाजाराला नावं ठेवत होते. मी खाली मान घालून वहीत रेघा ओढत होते. आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

तेव्हापासून कुणाचाही शोधनिबंध वाचताना एक सवय लागलीय. पी-व्हॅल्यू ०.०२५ आणि ०.०५ यांच्या मधली, चाचणी एकतर्फी, आणि पद्धतीच्या प्रकरणात एकतर्फी का घेतली याचं एका ओळीचंही कारण नाही, असं दिसलं की मी समासात पेन्सिलीने तो आकडा दुप्पट करून लिहिते. तुझा बाहेरचा परीक्षकही तेच करेल. त्याच्याकडे तुझा सिनॉप्सिस असेल, त्यात "कोणता अधिक पसंत केला जातो" असं लिहिलेलं असेल, आणि तो तोंडी परीक्षेत शांतपणे विचारेल, "हे बदललं कधी?" या प्रश्नाला देण्याजोगं उत्तर तुझ्याकडे नाही. गाईडकडेही नाही, आणि त्या खोलीत ते तुझ्या बाजूला बसलेले नसतील.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, आहे ते लिही. ३० पैकी २० जणांनी गुळाचं निवडलं, म्हणजे सुमारे ६७ टक्के. दुतर्फी पी-व्हॅल्यू ०.०९९. आणि त्याबरोबर आरने दिलेला ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल दे, तो तू मेलमध्ये लिहिलाच नाहीस आणि खरी गंमत त्यातच आहे. तो येतो ४७ ते ८३ टक्के. म्हणजे तुझी आकडेवारी म्हणतेय, गूळ आवडणाऱ्यांचं खरं प्रमाण निम्म्याच्या किंचित खाली असू शकेल, किंवा पाचात चार असू शकेल. "फरक नाही" असं ती म्हणतच नाही. ती म्हणतेय, "कल गुळाकडे दिसतोय, पण माझी माणसं कमी आहेत." हे वाक्य प्रबंधात लिहायला लाजू नकोस.

माणसं खरंच कमी होती. खरं प्रमाण दोनतृतीयांश असतं, तरीसुद्धा ३० माणसांत तुला २१ मिळण्याची शक्यता निम्म्याहून कमी होती. हा हिशेब सुरुवातीला करायचा असतो, तो तू केला नाहीस, आणि मीही तुला विचारलं नाही. ती चूक आपल्या दोघींत वाटून घेऊ. एवढा फरक असेल तर तो पाचात चार वेळा पकडायला, दुतर्फी चाचणीने, सुमारे ७० माणसं लागतात.

यावर तू म्हणशील, मग अजून ४० जण जोडते. तसं करू नकोस. आधीचे वीस-दहा बघून "अजून थोडे घेऊ" म्हणणं ही त्याच दुखण्याची दुसरी तऱ्हा आहे. कारण निकाल २१-९ आला असता तर तू थांबली असतीस. त्याऐवजी हे ३० प्राथमिक पाहणी म्हणून ठेव आणि वेळ असेल तर नव्याने ७० माणसं घे, वेगळी. त्या नव्या प्रयोगाचा कागद आधी कर: किती माणसं, कोणता प्रश्न, दुतर्फी की एकतर्फी आणि का. खाली तारीख घाल, गाईडची सही घे. आता तुझ्याकडे दिशेचा अंदाज आहे, तो आधीच्या प्रयोगातून आलाय, आणि नवे आकडे अजून जन्मलेले नाहीत. त्यामुळे इथे एकतर्फी घ्यायचा अधिकार तुला आहे. तरी माझं मत विचारशील तर दुतर्फीच घे. बेकरीवाल्याला अजूनही दुसरी बाजू हवी आहे, मघाशी सांगितलं तेच.

गाईडना कसं सांगायचं, हा तुझा शेवटचा प्रश्न. "तुम्ही चूक आहात" असं म्हणू नकोस, त्यांना ते आवडणार नाही आणि तुला त्यांच्या हाताखाली अजून चार महिने काढायचे आहेत. त्यांच्यासमोर कागदावर १० आणि २० अशी उलटी आकडेवारी लिही, साखरेच्या बाजूने २०, आणि विचार, "सर, असं आलं असतं तर आपण कोणती चाचणी लावली असती?" मग त्यांना बोलू दे. ते म्हणाले "तेव्हा साखरेच्या बाजूची", तर तोच कागद त्यांच्याकडे ठेव आणि ये.

रविवारी दुपारी चारनंतर मी मोकळी आहे. येताना सिनॉप्सिसची मूळ प्रत घेऊन ये, आणि उरली असतील तर दोन्ही बिस्किटं. माझ्या जाऊबाईंना चाखून बघायची आहेत. कोणती कुठली ते सांगायचं नाही.

तुझी,
मॅडम